रक्तदानानंतर चक्कर येते ती कुठून?

1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर आहे. मी बरीच वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, म्हणून फ्लायरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. सेक्रेटरींनी नमुना म्हणून जुना मजकूर पाठवला. त्यात तारीख, ठिकाण, वय, वजन सगळं होतं आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: 'रक्तदानाने कोणताही त्रास होत नाही, न घाबरता या.' ती ओळ मी सगळ्यांत आधी खोडली. बहुतेकांना खरंच काही होत नाही. पण पहिल्यांदा रक्त देणाऱ्यांपैकी काहींना भोवळ येते. ती का येते आणि आली तर काय करायचं, हे आधी माहीत असलं की भीती आपोआप कमी होते. नुसतं 'घाबरू नका' म्हटल्याने ती कमी होत नाही.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. वय 19, वजन 47 किलो, हिमोग्लोबिन 13 च्या आसपास, म्हणजे सगळ्या नियमांत बसणारी. एका शिबिरात तिने पहिल्यांदा रक्त दिलं. मे महिना, ठाण्यातला तो चिकट उकाडा, आणि रांगेत जवळजवळ तासभर उभं राहणं. सकाळी तिने काही खाल्लं नव्हतं, कारण लॅबमध्ये तपासणीला रक्त द्यायचं तर उपाशी जातात, तसंच इथेही असेल असं तिला वाटलं. (हा गैरसमज फार पसरलेला आहे. उलट उपाशी माणसाचं रक्त घेऊ नये असाच रक्तपेढ्यांचा नियम आहे.) 'खाल्लंस का?' या प्रश्नाला तिने 'हो' म्हणून टाकलं होतं. सुई टोचली, सात-आठ मिनिटांत पिशवी भरली, ती उठली, बिस्किट आणि कॉफी घेतली. सगळं छान. मग आम्ही जिन्याकडे निघालो. तिला लागोपाठ दोन-तीन जांभया आल्या. 'मावशी, मला कसंतरीच होतंय,' म्हणाली. ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम आला आणि ती माझ्या अंगावरच कलंडली.

घरी सगळ्यांचं निदान एकच: रक्त कमी पडलं. महिनाभर तिला बीट आणि डाळिंब चारण्यात आलं. पण हिशेब करून बघा. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण 65 ते 70 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे तिच्या अंगात तीन लिटरच्या थोडं वर. त्यातलं 350 मिलिलिटर घेतलं, म्हणजे जेमतेम नववा हिस्सा. वजनाची अटही याच हिशेबातून आलेली आहे. 45 किलोच्या माणसाकडून 350 मिलिलिटर घेतलं काय आणि 55 किलोच्या वरच्याकडून 450 मिलिलिटर घेतलं काय, दर किलोमागे ते आठ मिलिलिटरच्या आसपासच राहतं. एवढं रक्त गेलं तरी निरोगी शरीर रक्तदाब सांभाळू शकतं. शिवाय भाची रक्त जाताना ठणठणीत होती आणि पडली ती नंतर. काही जण तर सुई टोचायच्या आधीच पडतात, तेव्हा एक थेंबही गेलेला नसतो. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

ते कारण आपल्या दोन पायांवर उभं राहण्यात आहे. आपण आडवे असतो तेव्हा रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. उठून उभं राहिलं की मोठ्या माणसाचं अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त छातीतून खाली, पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरतं. शिरा मऊ असतात, रबरी फुग्यासारख्या, त्यामुळे त्यात ते मावतं. म्हणजे रक्तपेढी जेवढं घेते त्यापेक्षा जास्त रक्त आपण रोज सकाळी अंथरुणातून उठताना छातीतून काढून पायांना देतो! आपल्याला ते कळत नाही, कारण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब मोजणाऱ्या चेतातंतूंची टोकं बसलेली आहेत. दाब किंचित घसरला की ती मेंदूच्या तळाशी खबर देतात. तिथून हुकूम सुटतो: हृदयाचे ठोके वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. काही सेकंदांत काम फत्ते.

रक्तदान करून उठलं की या दोन गोष्टींची बेरीज होते. पिशवीत गेलेलं रक्त आणि पायांत उतरलेलं रक्त. उकाड्यात तिसरी भर पडते, कारण अंग थंड ठेवायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तरीही बहुतेकांची यंत्रणा हे पेलते. पण कधीकधी, विशेषतः भीती, भूक, अपुरी झोप किंवा रक्ताचं दर्शन यांची जोड मिळाली, तर ती यंत्रणा अचानक उलटी फिरते. व्हेगस नावाची चेता हृदयाला ब्रेक लावते आणि ठोके मंदावतात. त्याच वेळी रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे संदेश थांबतात आणि त्या सैल पडतात. पंप मंद, नळ्या रुंद. दाब कोसळतो.

आता मेंदूचं बघा. उभ्या माणसाचा मेंदू हृदयाच्या सुमारे 30 सेंटीमीटर वर असतो. तेवढ्या उंचीवर रक्त चढवायला पाऱ्याचे साधारण 23 मिलिमीटर इतका दाब खर्च होतो. हृदयापाशी सरासरी दाब 90 असेल तर मेंदूपाशी 67 उरतो, ते पुरेसं आहे. पण दाब घसरून 50 झाला तर मेंदूपाशी उरतात 27. मेंदूला रक्त पुरेसं मिळालं नाही की सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. माणूस कोसळतो. आणि कोसळला की तो आडवा होतो! आता डोकं आणि हृदय एकाच पातळीवर. चढाचा खर्च शून्य, मेंदूला पूर्ण 50 मिळतात. पायांतलं रक्तही छातीकडे परत वाहतं. म्हणून बेशुद्ध पडलेला दाता बहुधा अर्ध्या-एक मिनिटात स्वतःहून डोळे उघडतो. पडणं हाच शरीराने शोधलेला उपचार आहे.

हे एकदा समजलं की आपण काय चुकतो तेही दिसतं. कुणी पडलं की चार जण धावून त्याला धरून खुर्चीत बसवतात. त्याने तो 30 सेंटीमीटरचा चढ पुन्हा उभा राहतो आणि शुद्ध यायला उलट उशीर लागतो. क्वचित अशा वेळी हातपाय झटके देतात, मग कुणीतरी 'फिट आली' म्हणून ओरडतं आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायला आणतं. कृपा करून हे करू नका. कांद्याने मेंदूला रक्त जात नाही. जमिनीवर सपाट झोपवा, पाय खुर्चीवर ठेवा, भोवतीची गर्दी हटवा आणि डॉक्टरांना हाक मारा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर ही साधी भोवळ समजून गप्प बसू नये.

आता पाण्याबद्दल, आणि हा माझा सगळ्यांत आवडता भाग. रक्त द्यायच्या आधी अर्ध्या तासात साधं पाणी, सुमारे अर्धा लिटर, प्यायलं तर भोवळीचं प्रमाण घटतं. आपल्याला वाटतं पाण्याने रक्ताचं प्रमाण वाढत असेल. पण परिणाम काही मिनिटांतच सुरू होतो, आणि मिठाचं प्रमाण रक्ताइतकंच असलेलं द्रव दिलं तर तसा परिणाम मिळत नाही. रक्ताचं प्रमाण वाढवण्यात तर ते मिठाचं पाणीच सरस असतं. म्हणजे किमया पाण्याच्या अळणीपणात आहे. आतड्यातून शोषलेलं पाणी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत येतं आणि तिथलं रक्त क्षणभर पातळ होतं. ते पातळपण ओळखणारे संवेदक तिथे असल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यांची खबर पोचताच रक्तवाहिन्या आवळणारी चेतासंस्था जागी होते. नेमकी तीच, जी भोवळीत हात सोडते. हा जोर अर्ध्या तासाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि तास-दीड तासात ओसरतो. म्हणून सकाळी घरून पाणी पिऊन निघालात आणि रांगेत दीड तास गेला, तर त्याचा या कामी उपयोग उरत नाही. पाणी रांगेत प्यायचं.

दुसरा उपाय स्नायूंचा. मांड्या, पोटऱ्या आणि पोट पाच सेकंद घट्ट आवळायचं, पाच सेकंद सैल सोडायचं, असं सुई असताना आणि उठायच्या आधी करत राहायचं. आवळलेले स्नायू शिरांना पिळतात आणि रक्त वर ढकलतात. रक्त बघून भोवळ येणाऱ्यांसाठी ही युक्ती 1980च्या दशकात स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी वापरात आणली. ज्या हातात सुई आहे तो हात मात्र सैलच ठेवा.

आणि नंतरची पंधरा मिनिटं. भाची पडली ती जिन्यापाशी, हे लक्षात घ्या. रक्त देऊन लगेच बाइकवर बसणं किंवा ठाणे स्टेशन गाठून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहणं सगळ्यांत वाईट, कारण तिथे आडवं व्हायलाही जागा नसते. म्हणून आम्ही दात्यांच्या खुर्च्या दाराजवळ न मांडता पंख्याखाली, आतल्या बाजूला मांडणार आहोत, आणि जिन्याऐवजी लिफ्टकडे सोडणार आहोत.

व्हॉट्सॲपवर फिरणारं 'रक्तदानाने दूषित रक्त निघून जातं, वजन उतरतं' हे मी फ्लायरमध्ये घातलेलं नाही, कारण त्यात तथ्य नाही. दूषित रक्त असं वेगळं काही साठलेलं नसतं, आणि असतं तर ते दुसऱ्याला कसं चढवलं असतं? गेलेला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवसांचं अंतर आहे.

शेवटी सेक्रेटरींना हा मजकूर पाठवला:

'रक्तदान शिबिर. 1 मे, महाराष्ट्र दिन, सकाळी 9 ते दुपारी 1. सोसायटीचं सभागृह, तळमजला, कोलशेत रोड, ठाणे. वय 18 ते 65 (पहिल्यांदा देत असाल तर 60 पर्यंत), वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5, ते इथेच तपासलं जाईल. ताप, चालू औषधं, वर्षभरात काढलेला टॅटू, गर्भारपण किंवा अंगावर दूध पाजणं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. उपाशी किंवा उपवास धरून येऊ नका, पोहे-उपमा खाऊन या. पहिलीच वेळ आहे? टेबलावर तसं सांगा. रांगेत तुम्हाला बसायला खुर्ची आणि अर्धा लिटर पाणी मिळेल. सुई एकदाच टोचते, पिशवी दहा मिनिटांच्या आत भरते. जांभया, गार घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाजू नका, असाल तिथे आडवे व्हा आणि हाक मारा. दोन मिनिटांत बरं वाटेल.'

सेक्रेटरींचा फोन आला की मजकूर लांब आहे, शेवटची दोन वाक्यं काढू का. मी म्हटलं, जागा कमी पडत असेल तर वरचा फोटो काढा.