सातबाऱ्यावर दत्तू, आधारवर दत्तात्रय : एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं

जमीन विकायची, कर्ज काढायचं, नाहीतर वाटणी करायची वेळ आली की मग एकदम लक्षात येतं की सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरंच. समोरचा वकील किंवा बँकवाला लगेच म्हणतो "एक अ‍ॅफिडेव्हिट करून आणा". आणि बरेच लोक कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडे जाऊन तयार मजकुरात नाव भरून आणतात, ते चारच ओळींचं असतं, आणि तेच परत येतं. म्हणून हे नीट लिहितोय, महाराष्ट्रातल्या जमिनीच्या कागदांपुरतं.

आधी हे समजून घ्या की या प्रतिज्ञापत्राने तुमचं नाव बदलत नाही आणि कुठल्याच कागदावरचं नाव दुरुस्तही होत नाही. या सगळ्या कागदांवरचा माणूस मीच, एवढंच तुम्ही शपथेवर सांगता. समोर कागद वाचणारा माणूस असेल (सब रजिस्ट्रार, बँकेचा वकील, तलाठी, सोसायटीचा सेक्रेटरी) तर त्याला हे चालू शकतं. पण जिथे कॉम्प्युटर नाव जुळवतो तिथे याचा काडीचा उपयोग नाही, म्हणजे पॅन-आधार लिंक नावामुळे अडकलंय तर कितीही भारी अ‍ॅफिडेव्हिट केलं तरी ते लिंक होणार नाही, तिथे पॅन नाहीतर आधार यातलं एक दुरुस्तच करावं लागतं. आणि आधारवर नाव आयुष्यात फक्त 2 वेळा बदलता येतं, त्यामुळे घाईत आधार बदलायला जाऊ नका, आधी कुठलं स्पेलिंग कायमचं ठेवायचं ते ठरवा.

आता एक उदाहरण घेऊ, नावं काल्पनिक आहेत. आधारवर "दत्तात्रय रामचंद्र जाधव" आणि इंग्रजीत Dattatray Ramchandra Jadhav. पॅनवर DATTATRAYA RAMCHANDRA JADHAV, म्हणजे शेवटी एक A जास्त. सातबाऱ्यावर आणि 8अ वर "दत्तू रामा जाधव". शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "जाधव दत्तात्रय रामा". गडी एकच आहे, गावाला माहितीय, पण कागदाला माहीत नाही.

यात फरक दोन प्रकारचे आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पॅनवरचा जास्तीचा A हा नुसता स्पेलिंगचा फरक, त्याला प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं. दत्तू आणि दत्तात्रय, रामा आणि रामचंद्र हा मात्र वाचणाऱ्याच्या दृष्टीने नावाचाच फरक आहे, आणि इथे नुसतं "मीच तो" म्हणून भागत नाही, कारण त्याच गावात खरंच दुसरा दत्तू रामा जाधव असू शकतो, चुलत्याच्या घरात तीच नावं फिरत असतात हे काय सांगायला नको. बँकेच्या वकिलाची खरी भीती हीच असते की उद्या तो दुसरा दत्तू उभा राहिला तर काय.

म्हणून दुव्याचा कागद शोधायचा. म्हणजे असा जुना कागद की ज्यात दोन्हीकडचं थोडंथोडं आहे. वरच्या उदाहरणात शाळेचा दाखला बघा, त्यात मुलाचं नाव आधारसारखं "दत्तात्रय" आणि बापाचं नाव सातबाऱ्यासारखं "रामा". हा एकच कागद दोन्ही टोकं जोडतो, आणि तो भांडण किंवा व्यवहार सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा आहे म्हणून त्याला वजन आहे. दुसरा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. बाप वारल्यावर जमीन ज्या फेरफाराने मुलांच्या नावावर लागली तो नंबर सातबाऱ्यावरच असतो, तो काढला की त्यात सगळ्या वारसांची नावं, नातं आणि बऱ्याचदा वयंही असतात. त्यात दत्तूचे भाऊ-बहिणी कोण आहेत ते दिसतं, आणि तेच भाऊ-बहिणी जुन्या रेशनकार्डावर दत्तात्रयबरोबर दिसले की विषय बराच मिटतो. सातबाऱ्यावर जन्मतारीख नसते ना, त्यामुळे माणूस ओळखायचा तो असा घरच्या लोकांवरूनच. बाकी पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला तर जोडा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

मजकुराकडे वळू. प्रतिज्ञापत्रात पहिलं नाव ते लिहायचं जे तुम्ही इथून पुढे वापरणार, शक्यतो आधारवरचं. मग प्रत्येक कागद वेगळा सांगायचा, आणि त्यावर नाव जसं छापलंय तस्संच, अक्षर न् अक्षर, आडनाव आधी असेल तर आधी, चूक असेल तर चुकीसकट. इथेच टायपिंगवाले घोळ घालतात, हात सवयीने बरोबर स्पेलिंग टाइप करतो आणि मग ज्या फरकासाठी सगळा खटाटोप केला तो फरकच अ‍ॅफिडेव्हिटमध्ये दिसत नाही. साधारण असं लिहिता येईल :

"मी, दत्तात्रय रामचंद्र जाधव, वय ..., धंदा शेती, रा. ..., सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या आधार कार्डावर माझे नाव 'दत्तात्रय रामचंद्र जाधव' असे आहे. माझ्या पॅन कार्डावर ते 'DATTATRAYA RAMCHANDRA JADHAV' असे आहे. मौजे ... ता. ... जि. ... येथील गट नं. ... च्या सातबाऱ्यावर फेरफार क्र. ... अन्वये माझे नाव 'दत्तू रामा जाधव' असे दाखल आहे. माझ्या वडिलांचे नाव रामचंद्र असून गावात त्यांना रामा म्हणत. वरील सर्व नावे माझीच म्हणजे एकाच व्यक्तीची आहेत. सदर गटात दत्तू रामा जाधव या नावाची दुसरी कोणतीही व्यक्ती खातेदार नाही."

शेवटचं वाक्य बहुतेक तयार मजकुरात नसतं आणि माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं आहे. पण ते खरं असेल तरच लिहा, कारण खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याची कलमं आहेत, 229 आणि 236. फरक कशामुळे पडला ते पण एका ओळीत सांगा (बोलीतलं नाव लागलं, इंग्रजीत टाइप करताना अक्षर वाढलं), कारण दिलेलं असलं की वाचणाऱ्याला पटतं. पॅन नंबर पूर्ण द्या पण आधारचे शेवटचे 4 आकडेच लिहा, हा कागद किती हातांतून फिरेल सांगता येत नाही. खाली सत्यापन, तारीख, ठिकाण, फोटो.

स्टॅम्पचं बोलायचं तर ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये झालं. बँक, सोसायटी, खरेदीदार अशा खाजगी कामाला 500 चाच बाँड लागतो. पण सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 च्या आदेशाने मुद्रांक माफ आहे, म्हणजे तहसीलला द्यायचं असेल तर साधा कागद चालायला हवा, तरी काही ठिकाणी बाँड मागतात, तेव्हा शांतपणे त्या माफीची आठवण करून द्यायची. बाँड तुमच्याच नावावर घ्या. घेतल्यापासून 6 महिन्यांत वापरायचा, आणि प्रतिज्ञापत्रावरची तारीख बाँड विकत घेतल्याच्या तारखेच्या आधीची नको, ही चूक दिसली की कागदावरचा विश्वासच उडतो.

सही घरून करून न्यायची नाही. नोटरीसमोर किंवा तहसीलला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर स्वतः उभं राहून करायची, ओरिजिनल ओळखपत्र न्यायचं. नोटरीच्या रजिस्टरमध्ये पण सही घेतात आणि त्या नोंदीचा अनुक्रमांक तुमच्या कागदावर टाकतात, तो पडलाय का, शिक्का आणि नोटरी तिकीट लागलंय का, आणि नोटरीची मुदत चालू आहे का (ती शिक्क्यातच असते) एवढं तिथेच बघून घ्या. खाडाखोड असेल तर तिथे छोटी सही. बँक ओरिजिनल ठेवून घेते, त्यामुळे दोन तीन ठिकाणी लागणार असेल तर आधीच तेवढ्या प्रती स्वतंत्र करून घ्या, झेरॉक्सवर अडतं.

सही कशी करता तेही बघा. दत्तू म्हणून सही करायची सवय असेल आणि पॅनवर वेगळी सही असेल तर दोन्ही पद्धतीच्या सह्या माझ्याच असं एक वाक्य वाढवलं तर बरं पडतं.

आता खरेदीखताच्या वेळेला. नुसतं अ‍ॅफिडेव्हिट पाठीमागे जोडून गप्प बसू नका, दस्तातच लिहून देणाऱ्याचं नाव "दत्तात्रय रामचंद्र जाधव उर्फ दत्तू रामा जाधव" असं टाकायला सांगा. कारण पुढे फेरफार धरताना तलाठी दस्तातलं नाव सातबाऱ्याशी ताडून बघतो, तिथे दत्तू दिसलाच नाही तर मंडळ अधिकारी नोंद नामंजूर करू शकतो, आणि मग विकून पैसे घेतल्यावर खरेदीदार तुमच्या दारात.

विकायची घाई नसेल तर सरळ सातबाराच दुरुस्त करून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, सोबत हेच प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, वारस फेरफार, आधार. हे कलम लेखनातल्या चुकांसाठी आणि सगळ्या हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुकांसाठी आहे, त्यामुळे सहखातेदार भावांचं लेखी संमतीपत्र जोडलं तर काम सोपं होतं, भावाने हरकत घेतली तर मात्र हा हक्काचा वाद ठरू शकतो आणि या कलमात बसत नाही. चूक रजिस्टर दस्तातलीच असेल, म्हणजे जुन्या खरेदीखतातच नाव चुकलंय, तर त्याला चूक दुरुस्ती दस्त लागतो, आणि त्यावर मूळ दस्तातल्या दोन्ही बाजू याव्या लागतात.

आडनावच वेगळं असेल, किंवा लग्नानंतर पूर्ण नाव बदललंय आणि कागद अर्धे माहेरच्या नावावर आहेत, तर ही गोष्ट स्पेलिंगची राहत नाही. तिथे लग्नाचं प्रमाणपत्र हा दुव्याचा कागद, आणि मुद्दाम बदललेल्या नावासाठी राजपत्र.

आणि ज्याच्या नावात फरक आहे तो माणूसच वारला असेल तर त्याच्या वतीने "मीच तो" असं कोणी म्हणू शकत नाही. वारस आपल्या माहितीप्रमाणे दोन्ही नावं आमच्या वडिलांचीच असं लिहून देतात, ते सगळ्या वारसांनी मिळून दिलेलं बरं, आणि मृत्यू दाखल्यावर नाव लावतानाच सातबाऱ्यावरचं नाव "उर्फ" म्हणून घालता येतं का ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करतानाच विचारून घ्या.