नफा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो का?

“ज्याचे भांडवल जास्त, त्याचा नफा जास्त, करारपत्रात वेगळे लिहायची गरज नाही.”

तसे नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13(ब) नुसार, वेगळा करार नसेल तर भागीदार नफ्याचे समान वाटेकरी असतात आणि तोटाही समानच सोसतात. समजा, तीन भावांनी दुकानात अनुक्रमे 6, 3 आणि 1 लाख रुपये घातले आणि वर्षाचा नफा 9 लाख झाला. प्रमाण ठरलेले नसल्यास प्रत्येकाला 3 लाख मिळतील, थोरल्याला 5 लाख 40 हजार नव्हे. वर्षानुवर्षे वेगळ्या प्रमाणात वाटप होत आले असेल, तर त्यातून करार गृहीत धरता येतो, पण तो सिद्ध करण्यातच भावाभावांत वितुष्ट येते.

विसर्जनाच्या वेळी हा नियम अधिक बोचतो. देणी फेडून 10 लाखांच्या भांडवलापैकी 7 लाखच उरले, तर 3 लाखांची तूट समान विभागून थोरल्याला 5 लाख, मधल्याला 2 लाख मिळतात आणि धाकट्याच्या हाती काहीच येत नाही.

निवृत्तीचे कलमही असेच तपासावे. हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर कलम 37 प्रमाणे बाहेर पडलेला भागीदार आपल्या मालमत्तेच्या वापरातून झालेला नफा किंवा द.सा.द.शे. 6 टक्के व्याज यांपैकी एक निवडू शकतो. म्हणून नफा-तोट्याचे प्रमाण, मूल्यांकनाची पद्धत आणि रक्कम देण्याची मुदत करारपत्रात आकड्यांनिशी लिहावी.