रुग्णालयाच्या चॅटबॉटचे मर्यादापत्र

लहान रुग्णालयासाठी चॅटबॉट तयार करणारा फ्रीलान्स डेव्हलपर काम सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापकाला एक पत्र लिहितो. बॉट काय करील, काय करणार नाही आणि जे तो करणार नाही ते कोणाकडे जाईल, हे त्यात लिहिलेले असते. या नोंदीत त्याला मर्यादापत्र म्हटले आहे. कोटेशनमध्ये खर्च असतो, करारात हप्ते आणि मुदती असतात. मर्यादापत्रात रिसेप्शनवरच्या माणसाचे रोजचे काम उद्यापासून कसे बदलेल ते असते. म्हणून ते दोन पानांपेक्षा मोठे नसावे, मराठीत असावे आणि व्यवस्थापक, डॉक्टर व रिसेप्शनिस्ट या तिघांनीही वाचून सही केलेले असावे. करारालाही तेच जोडतात.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातले २० खाटांचे प्रसूती व सर्वसाधारण रुग्णालय घेऊ. ओपीडी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८. रिसेप्शनवर एक फोन आणि एक रजिस्टर. दिवसभर येणारे बहुतेक फोन तीनच गोष्टी विचारतात: डॉक्टर आहेत का, नंबर मिळेल का, सोनोग्राफीला कधी यायचे. व्यवस्थापकांना हे फोन कमी करायचे आहेत आणि बॉट व्हॉट्सअ‍ॅपवर हवा आहे. अशा वेळी पत्राची सुरुवात साधारण अशी होते:

«मा. व्यवस्थापक मॅडम, स. न. वि. वि. आपल्या रुग्णालयाचा बॉट पाच कामे करील: ओपीडीच्या वेळा सांगणे, कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर आहेत ते सांगणे, नंबर देणे, नंबर रद्द करणे आणि आदल्या संध्याकाळी आठवण पाठवणे. या पाचांबाहेरचे काहीही विचारले तर तो रिसेप्शनचा फोन नंबर देईल आणि थांबेल.»

«थांबेल» हा शब्द महत्त्वाचा आहे. बॉटने प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावे, अशी व्यवस्थापकाची स्वाभाविक अपेक्षा असते, आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पाच कामांपैकी नंबर देणे सर्वांत अवघड, कारण तिथे एकाच वेळी दोन नोंदवह्या चालू असतात. बॉटला फक्त त्याच्या स्वतःच्या तक्त्यातले दिसते. रिसेप्शनिस्टने फोनवर विचारणाऱ्याला रजिस्टरमध्ये सातवा नंबर दिला, तर बॉटला ते कळत नाही आणि तो आणखी एकाला सातवा नंबर देतो. दोघेही सकाळी येऊन उभे राहतात. सर्व नंबर संगणकावर नोंदवणे हा पूर्ण उपाय, पण गर्दीच्या वेळी एकटा माणूस ते सातत्याने करू शकत नाही. म्हणून पत्रात वाटणी लिहून टाकणे अधिक टिकाऊ ठरते. सकाळच्या ओपीडीला २४ नंबर असतील, तर १ ते १६ रजिस्टरचे आणि १७ ते २४ बॉटचे. बॉटचे आठ संपले की तो «आजचे ऑनलाइन नंबर संपले» एवढेच सांगतो. रजिस्टरमधले नंबर उरलेले असले तरी ते तो देत नाही, आणि पत्रात हे स्पष्ट लिहावे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात «बॉट नंबर देत नाही» अशी तक्रार येते.

दुहेरी नंबराचे दुसरे कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश त्याची मालक कंपनी मेटा हिच्याकडून डेव्हलपरच्या सर्व्हरकडे पाठवला जातो. सर्व्हरने तो मिळाल्याची पोच वेळेत दिली नाही, तर तोच संदेश पुन्हा पाठवला जातो. बॉट प्रत्येक वेळी नवा नंबर देत गेला, तर एकाच माणसाच्या नावावर दोन-तीन नंबर अडकतात. म्हणून आलेल्या प्रत्येक संदेशाची ओळख साठवून तोच पुन्हा आला तर सोडून द्यायचा, आणि एक नंबर दोघांना जाणार नाही हे डेटाबेसवरच सोपवायचे:

```sql
UNIQUE (message_id)
UNIQUE (doctor_id, visit_date, session, token_no)
```

पत्रात हा कोड नसतो. तिथे फक्त «एकाच संदेशावर दोन नंबर दिले जाणार नाहीत» असे वाक्य असते, आणि ते वाक्य चाचणीत तपासून दाखवायचे असते.

डॉक्टर अचानक शस्त्रक्रियेला गेले किंवा रजेवर गेले, तर बॉटला ते कुणीतरी सांगावे लागते. पत्रात त्या माणसाचे पद लिहितात, उदाहरणार्थ «सकाळपाळीची रिसेप्शनिस्ट», आणि बदली माणसाचेही. त्यांच्या दोन ठरावीक मोबाइलवरून «बंद सकाळ» असा संदेश गेला की बॉट नंबर देणे थांबवतो आणि आधी दिलेल्यांची यादी परत पाठवतो. त्या लोकांना फोन करणे रिसेप्शनचे काम, बॉटचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मोकळा संदेश पाठवता येतो; त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक नमुनाच जातो आणि त्याचे पैसे लागू शकतात. सोमवारी नंबर घेतलेल्याला गुरुवारची ओपीडी रद्द झाल्याचे कळवायचे असेल, तर «ओपीडी रद्द» हा नमुना आधीच मंजूर करून ठेवावा लागतो. तरीही माणसाने तो वेळेत वाचला की नाही याची खात्री नसते. लांबच्या वाडीवरून पहाटेची एसटी पकडून येणाऱ्यासाठी फोनच हवा.

«काय करणार नाही» या भागात पहिले वाक्य वैद्यकीय सल्ल्याचे असते. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. ते नोंदणीकृत डॉक्टरनेच थेट करायचे. पण नियम सांगून भागत नाही, कारण सल्ला कुठे सुरू होतो हे व्यवहारात पटकन दिसत नाही. «लोहाची गोळी उपाशीपोटी घेऊ का?» हा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर त्या बाईच्या प्रकृतीवर आणि बाकीच्या औषधांवर अवलंबून असते. «सोनोग्राफीला पाणी पिऊन यायचे का?» याचे उत्तर मात्र रुग्णालय सर्वांना छापून देते. पत्रात फरक असा मांडावा: डॉक्टरांनी लिहून सही केलेला मजकूर बॉट जसाच्या तसा पाठवील, त्यात एक शब्दही घालणार नाही, आणि ज्याला असा मजकूर नाही त्याला उत्तर देणार नाही. रिपोर्टचा फोटो आला तर «रिपोर्ट इथे पाहिले जात नाहीत, कृपया डॉक्टरांना दाखवा» हे ठरलेले वाक्य जाते. फोटो स्वतंत्रपणे मागवून घ्यावा लागतो, आपोआप सर्व्हरवर उतरत नाही. तो मागवायचाच नाही असे ठरवले की रुग्णाचा रिपोर्ट डेव्हलपरकडे साठण्याचा प्रश्नच राहत नाही.

भाषा-प्रारूप, म्हणजे माणसांची भाषा समजून वाक्ये तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, वापरायचे असेल तर त्याचे कामही याच चौकटीत बसवतात. लोक «udya doctor ahet ka» असे रोमन लिपीत लिहितात, अर्धे मराठी अर्धे हिंदी लिहितात, «साडेदहाला येऊ का» विचारतात. यातला हेतू ओळखून पाच कामांपैकी कोणते ते ठरवणे प्रारूपाला चांगले जमते. उत्तर रचण्याचे काम मात्र त्याला द्यायचे नाही, कारण माहिती नसली तरी ते खात्रीच्या सुरात वाक्य तयार करते: बंद असलेली रविवारची ओपीडी चालू सांगते, नसलेली सवलत देते. अशा वाक्याची जबाबदारी संस्थेवरच येते. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने प्रवाशाला भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, तेव्हा बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे हा कंपनीचा युक्तिवाद ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. म्हणूनच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसेल का, या प्रश्नाला बॉट «हो» किंवा «नाही» म्हणत नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे किंवा रिसेप्शनकडे पाठवतो. ओळखलेला हेतूही कृतीपूर्वी पडताळतात: «गुरुवार, १२ मार्च, सकाळची ओपीडी, बरोबर?» असे तारीख व वारासह विचारून «हो» आणि «बदला» ही बटणे देतात. «परवा» किंवा «पुढच्या गुरुवारी» यांतला गोंधळ बराचसा तिथेच मिटतो.

तातडीच्या रुग्णाविषयीचा परिच्छेद पत्रात सर्वांत सावधपणे लिहावा लागतो. «छातीत दुखतंय», «अंगावरून खूप जातंय», «साप चावला» असे शब्द दिसले की १०८ चा संदेश पाठवण्याची सोय करता येते आणि करावीही. पण तीच गोष्ट कोणी «जीव घाबरा होतोय» म्हणून लिहितो, कोणी चुकीच्या स्पेलिंगने, कोणी व्हॉइस नोटमध्ये बोलतो, आणि यादी त्यांना पकडत नाही. त्यामुळे बॉट तातडीची केस ओळखतो असे पत्रात कधीही लिहू नये. त्याऐवजी लिहितात: «हे संदेश कोणी सतत पाहत नाही. तातडीसाठी १०८ किंवा रुग्णालयाचा फोन, ही ओळ प्रत्येक संभाषणाच्या पहिल्या उत्तरात सर्वांत वर येईल.» ही ओळ लांबलचक स्वागतासाठी खाली ढकलायची सूचना आली, तर डेव्हलपरने ती नाकारावी.

प्रसूतिगृहाच्या पत्रात आणखी एक ओळ लागते. गर्भलिंगाविषयीचा कोणताही प्रश्न, अगदी आडवळणाने विचारलेलाही, ठरलेल्या एकाच उत्तरावर संपतो: १९९४ च्या कायद्याने हे तपासणे आणि सांगणे गुन्हा आहे. तिथे प्रारूपाला बोलायला जागा ठेवायची नाही.

मालकीचा मुद्दा थोडक्यात पण ठळक हवा. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, मेटाचे बिझनेस खाते आणि सर्व्हरचे बिल रुग्णालयाच्या नावावर असावे. डेव्हलपरला फक्त प्रवेश द्यावा. डेव्हलपरच्या खात्यावर सगळे असले, तर तो उपलब्ध नसताना रुग्णालयाला स्वतःचाच नंबर परत मिळवणे कठीण जाते. माहितीही तितकीच मागावी जितकी नंबरासाठी लागते: नाव आणि मोबाइल. आजार विचारायचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या माहितीची मुख्य जबाबदारी रुग्णालयाची ठरते आणि डेव्हलपर त्यांच्या वतीने ती हाताळतो, म्हणून जुने संभाषण किती दिवसांनी पुसायचे तो आकडा पत्रात असतो.

सुरू करण्यापूर्वी रिसेप्शनकडून फोनवर खरोखर विचारलेले ५० प्रश्न लिहून घेतात आणि त्याच शब्दांत, दोन्ही लिप्यांत, बॉटला पाठवतात. प्रत्येक उत्तर तीनपैकी एका रकान्यात जाते: बरोबर, फोनकडे पाठवले, चुकीचे. दुसऱ्या रकान्यातली मोठी संख्या चालते. तिसऱ्यात एकही असेल तर सुरू करायचे नाही. नंतरच्या पहिल्या महिन्यात दर आठवड्याला न समजलेले संदेश व्यवस्थापक आणि डेव्हलपर एकत्र वाचतात. एखादा प्रश्न वारंवार दिसला, तर डॉक्टरांकडून त्याचा मजकूर लिहून घेतात, पत्राच्या यादीत सहावे काम म्हणून वाढवतात आणि पुन्हा तिघांच्या सह्या घेतात. सर्व्हर बंद पडला तर रुग्णाच्या फोनवर संदेश गेल्यासारखा दिसतो आणि उत्तर येत नाही, म्हणून रिसेप्शनवर आणि केसपेपरवर बॉटच्या नंबराशेजारीच «१० मिनिटांत उत्तर आले नाही तर फोन करा» हे छापून घेण्याचे कामही पत्रात व्यवस्थापकांच्या नावावर असते.