सरळ पट्टा, क्रॉस पट्टा आणि उलटं फिरणारं चाक

आठवीच्या स्कॉलरशिपची तयारी करणारा भाचा परवा वही घेऊन आला. चाकांची लांबलचक साखळी, मध्ये पट्टे, आणि प्रश्न असा की शेवटचं चाक कुठल्या दिशेला फिरेल. त्याचं उत्तर तयार होतं. "मामा, सात चाकं आहेत. विषम नंबरची चाकं पहिल्यासारखी फिरतात, म्हणून सातवं सुलटं." घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या चाकाला आमच्या घरात सुलटं म्हणतात, विरुद्ध फिरणाऱ्याला उलटं.

चाकं मोजायचा हा नियम चुकीचा नाही, पण तो फक्त दातांत दात अडकलेल्या गिअरच्या एकाच रांगेपुरता आहे. पट्टा आला की तो कोलमडतो.

कागदावर दोन पुल्या शेजारी काढा. डावी सुलटी फिरते, म्हणजे तिचा माथा उजवीकडे सरकतो. सरळ पट्ट्यात वरची बाजू डाव्या पुलीच्या माथ्यावरून निघून उजव्या पुलीच्या माथ्यावरच पोचते. तिथेही माथा उजवीकडेच ओढला जातो, म्हणून दुसरी पुलीही सुलटी. क्रॉस पट्ट्यात तीच बाजू तिरकी उतरून उजव्या पुलीच्या बुडाशी जाते. बूड उजवीकडे सरकलं की पुली उलटी फिरणारच. गिअरमध्येही निकाल हाच, कारण मात्र वेगळं. दात भिडतात तिथे डाव्या चाकाची उजवी कड खाली जाते आणि शेजारच्याची डावी कड आपल्याबरोबर खाली नेते. म्हणून दिशेच्या हिशोबात क्रॉस पट्टा सरळ पट्ट्याचा भाऊ नाही, गिअरचा आहे. चित्रात मात्र दोन्ही पट्टेच दिसतात आणि पोरं तिथेच फसतात.

आता भाच्याचं चित्र. क सुलटं फिरतं आणि ख ला दातांनी भिडलेलं आहे, म्हणून ख उलटं. ख च्याच शाफ्टवर ग बसलंय. एका शाफ्टवरची चाकं एकत्रच फिरतात, तेव्हा ग पण उलटं. ग वरून घ वर सरळ पट्टा आहे, म्हणजे घ उलटंच राहिलं. घ च्या शाफ्टवर च, तेही उलटं. च वरून छ वर क्रॉस पट्टा, इथे दिशा बदलली आणि छ सुलटं झालं. छ ला ज दातांनी भिडलंय, म्हणून ज उलटं. दिशा तीनदाच बदलली: दोन गिअरच्या जोड्या आणि एक क्रॉस पट्टा. तीन विषम, म्हणून शेवटचं चाक पहिल्याच्या विरुद्ध. चाकं मात्र सात! मोजायच्या त्या दिशा बदलणाऱ्या जोडण्या. चाकं लहान आहेत की मोठी, याने फेऱ्यांचा वेग बदलतो, दिशा नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल तर गुऱ्हाळावर बघावं. चरकाचे रूळ ठराविक दिशेनेच फिरले पाहिजेत, नाहीतर ऊस आत ओढला जाण्याऐवजी बाहेर ढकलला जातो. थ्री फेज मोटार असेल तर तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा फिरते. डिझेल इंजिनाला ती सोय नाही. मग एक तर इंजिन उचलून फिरवून ठेवा, नाहीतर चपटा पट्टा क्रॉस करा.

क्रॉस पट्टा पुलीला जास्त विळखा घालतो, त्यामुळे घसरतो कमी. सरळ पट्ट्यात लहान पुलीला अर्ध्या घेरापेक्षा कमी पट्टा लागलेला असतो, क्रॉसमध्ये दोन्ही पुल्यांना अर्ध्याहून जास्त. पण फुलीच्या जागी दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात. पुल्या जवळ असतील तर पीळ कडक बसतो आणि पट्टा लवकर झिजतो. झिजेच्या खुणा पट्ट्याच्या एकाच कडेला असतील तर बहुतेक पुल्या एका रेषेत नाहीत. व्ही पट्ट्याला असला पीळ मानवत नाही, म्हणून तो क्रॉस करायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आणखी एक चोरवाट आहे. पट्ट्याला ताण द्यायला बाहेरून टेकवलेली पुली असते. पट्टा सरळच, फुली कुठेच नाही, पण ती पुली पट्ट्याच्या पाठीवर चालते म्हणून बाकीच्यांच्या उलट फिरते. तिच्या शाफ्टवरून पुढे चाकांची साखळी गेली, तर तो एक बदल धरावाच लागतो.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मामा, भिंतीच्या पलीकडून बघितलं तर?" पलीकडून बघितलं तर सगळीच सुलटी चाकं उलटी दिसतात. पण पहिलं आणि शेवटचं एकमेकांच्या विरुद्ध, हे दोन्हीकडून तसंच राहतं.