रस, स्मूदी आणि अख्खं फळ: एका जुन्या प्रयोगापासून 'मुक्त साखरे'च्या वादापर्यंत

सुमारे अर्धा किलो सफरचंदं चावून खायला १७ मिनिटांच्या आसपास लागली, त्यांचा घोटलेला गर संपवायला ६ मिनिटं आणि गाळलेला रस संपवायला दीड मिनिट. हे आकडे १९७७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगातले आहेत. त्यात माणसं फक्त १० होती, पण रस, गर आणि अख्खं फळ यांच्यावर आज जे काही बोललं जातं त्यातलं बरंचसं इथूनच निघालं आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. घरगुती ज्यूसर आणि ब्लेंडर ही दोन्ही यंत्रं विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली. त्या काळी फळाचं मोल जीवनसत्त्वांवरून ठरायचं, आणि रसात ती बऱ्यापैकी उतरतात. उरलेला चोथा म्हणजे टाकाऊ माल, असंच सगळे धरून चालत. 'आहारातील तंतू' हा शब्दप्रयोग १९५३ सालचा. १९७० च्या दशकात बद्धकोष्ठापासून मधुमेहापर्यंत अनेक आजारांचा संबंध तंतूंच्या कमतरतेशी जोडला जाऊ लागला, आणि टाकून दिलेल्या चोथ्याकडे लोक वळून पाहू लागले.

१९७७ च्या प्रयोगाची मांडणी साधी होती. तिन्ही रूपांत साखर सारखीच, ६० ग्रॅम. रसातून चोथा काढून टाकलेला. गरात तो सगळाच्या सगळा शिल्लक, फक्त बारीक झालेला. अख्ख्या सफरचंदात तो शाबूत. रस पटकन पिऊन होतो म्हणून भूक भागत नसेल, अशी शंका येणं स्वाभाविक होतं. म्हणून तिन्ही गोष्टी सारख्याच वेळात संपवायला लावून पाहिलं. तरीही रसापेक्षा गराने आणि गरापेक्षा सफरचंदाने पोट जास्त भरल्यासारखं वाटलं. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. फरक दिसला तो उतरताना. रसानंतर ती झपकन खाली आली, पहिल्या पातळीच्याही खाली गेली. गरानंतर त्याहून कमी घसरली. सफरचंदानंतर असं काही झालं नाही. इन्शुलिन मात्र रस आणि गर या दोन्हींनंतर जास्त वाढलं.

यातली गराची गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही. गरात तंतू होते, वजनाने पूर्ण होते, तरीही तो सफरचंदाच्या तोडीस आला नाही. म्हणजे चोथा किती आहे, एवढ्यावर भागत नाही. तो कोणत्या अवस्थेत आहे, यालाही महत्त्व आहे.

याची फेरतपासणी २००९ साली अमेरिकेत झाली. ५८ जणांना दुपारच्या जेवणाआधी सफरचंद, सफरचंदाचा गर, साधा रस किंवा तंतू मिसळलेला रस दिला गेला. प्रत्येकात ऊर्जा सुमारे १२५ कॅलरी, वजन सारखं आणि खाण्याचा वेगही सारखा ठेवलेला. सफरचंद खाल्लेल्या दिवशी, त्या सफरचंदासकट मोजूनही, आधी काहीच न खाल्लेल्या दिवसापेक्षा एकूण ऊर्जा सुमारे १५ टक्के कमी पोटात गेली. गर मधे राहिला. आणि रसात तंतू परत घालून काहीच साधलं नाही. डब्यावर 'फायबरयुक्त' असं छापलेला रस पोट भरवेलच, असं समजायला हा निष्कर्ष फारसा वाव ठेवत नाही.

कारण फळाच्या बांधणीत आहे. फळातली साखर आणि पाणी पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेलं असतं. दातांनी काही भिंती फुटतात, पण पुष्कळशा तुकड्यांच्या रूपात जठरात पोचतात आणि तिथे घुसळून बारीक व्हायला वेळ घेतात. मिक्सरचं पातं हे काम आधीच करून टाकतं. २०२० मधल्या एका एमआरआय अभ्यासात जठर निम्मं रिकामं व्हायला सफरचंदाला सुमारे ६५ मिनिटं लागली, गराला आणि रसाला प्रत्येकी साधारण ४०. म्हणजे या बाबतीत गर रसाच्याच रांगेत बसला.

खरा गुंता शब्दाचा आहे. २०१५ साली जागतिक पातळीवरच्या आहारशिफारशींमध्ये 'मुक्त साखर' दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं गेलं. त्यात वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस एवढं स्पष्ट होतं. अख्खं फळ बाहेर, हेही स्पष्ट. गर आणि स्मूदीबद्दल मात्र ती व्याख्या स्पष्ट बोलत नव्हती. ब्रिटनमध्ये ही फट २०१८ साली बुजवली गेली: रस, स्मूदी, गर, पेस्ट, पावडर यांतली साखर मुक्त, सुकवलेल्या, शिजवलेल्या, डबाबंद आणि गोठवलेल्या फळातली साखर मुक्त नाही.

तर्क असा की पेशीची भिंत फुटली की साखर मोकळी झाली. वाचायला ठीक वाटतं. पण मग मनुका बाहेर आणि मिक्सरमधून काढलेली ताजी स्ट्रॉबेरी आत, हे कसं? मनुकेत साखर कित्येक पटींनी दाट असते. नरम शिजवलेल्या सफरचंदाच्याही भिंती बऱ्याच ढिल्या पडलेल्या असतात. ते फोडींच्या रूपात असलं तर सुटतं, घोटलं की अडकतं. टीकाकारांचं म्हणणं असं की स्मूदीत तंतू जसेच्या तसे आहेत, मग तिला सरबताच्या पंक्तीला का बसवायचं? त्यांच्या हातात पुरावाही आहे. २०२२ मध्ये निरोगी तरुणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात सफरचंद आणि ब्लॅकबेरी मिक्सरमधून काढून दिल्यावर रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा कमीच चढली. ब्लॅकबेरीच्या बिया दळल्या जाऊन त्यांतले तंतू आणि इतर घटक मोकळे होतात, असं एक संभाव्य कारण दिलं जातं.

माझ्या मते दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. रक्तातल्या साखरेचा विचार केला तर स्मूदीला रसाच्या खात्यात टाकणं घाईचं आहे. पोट भरण्याचा विचार केला तर ती रसाच्या बरीच जवळ आहे, आणि व्याख्येची रेघ तिथे ओढणं समजू शकतं. दिवसाकाठी रस आणि स्मूदी मिळून १५० मिलीलीटरच, आणि दिवसाच्या फळं-भाज्यांच्या हिशेबात त्याचा एकच वाटा धरायचा, हा ब्रिटनमधला नियम त्याच धोरणातून आलेला. पूर्वी काही स्मूदींचे दोन वाटे मोजले जात.

घरगुती हिशेबात गोंधळ होतो तो गाळणीपाशी. '१०० ग्रॅम सफरचंदात सालीसकट सुमारे अडीच ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच रसात पाव ग्रॅमच्या आत' हे वाक्य ज्यूसरबद्दल खरं आहे. मिक्सर तंतू काढून घेत नाही. पण मिक्सरमधून काढलेलं कपड्यातून किंवा बारीक चाळणीतून गाळलं की तो रसच झाला, यंत्र कोणतंही असो. चाळणीत काय उरलं हे पाहिलं की कळतं: मूठभर ओला चोथा उरला असेल, तर तंतू त्यातच गेले. भाज्यांचंही तेच. गाजराच्या रसात तंतू गाजराच्या तुलनेत बरेच कमी उरतात, आणि एका पेल्यात अर्धा किलोच्या आसपास गाजरं सहज जिरतात. तेवढी कच्ची गाजरं एका बैठकीत चावून संपवून पाहावीत.

एक मर्यादा नोंदवायला हवी. पोट भरण्याचे हे प्रयोग एका बैठकीचे, थोड्या माणसांवरचे आणि बहुतेक सफरचंदावरचे आहेत. स्मूदी पिणाऱ्याचं वर्षभराने वजन वाढतं का, हे त्यांवरून ठरत नाही. २०१३ मध्ये मोठ्या लोकसमूहांच्या दीर्घ निरीक्षणातून अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं, खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत जास्त दिसलं होतं. पण स्मूदीचा वेगळा रकाना त्या विश्लेषणात नव्हता.