लाल-निळे स्तंभ झेरॉक्समध्ये एकसारखे का होतात?

एक्सेलच्या 2007 आणि 2010 च्या आवृत्तीत ज्यांनी आलेख काढले, त्यांना पहिला स्तंभ निळा, दुसरा विटकरी लाल, तिसरा हिरवा आणि चौथा जांभळा हा क्रम आठवत असेल. ऑफिस 2007 बरोबर आलेले हे रंग पडद्यावर एकमेकांपासून सहज वेगळे दिसत. अहवालाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की मात्र निळा आणि लाल स्तंभ जुळ्या भावांसारखे शेजारी उभे राहत, आणि सूचीतल्या दोन चौकोनांपैकी कुठला कुणाचा हे सांगता येत नसे.

हे का होतं ते आकड्यांतून लगेच दिसतं. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनतो. त्याची राखाडी छटा काढायचं नेहमीचं सूत्र असं आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

उत्तर 0 आलं तर काळा, 255 आलं तर पांढरा. ऑफिस 2007 चा निळा म्हणजे `4F81BD`, म्हणजेच 79, 129, 189. सूत्रात घातल्यावर उत्तर येतं 121. विटकरी लाल `C0504D` म्हणजे 192, 80, 77. त्याचं उत्तर 113. जांभळ्याचं 115. पुढे हिरव्याचं 166 आणि नारिंगीचं 170. आकाशी तेवढा मधोमध 146 वर एकटा राहतो. सहा रंगांच्या माळेत राखाडी छटा जेमतेम तीन. त्यातही वाईट म्हणजे पहिले दोन रंग एकाच छटेत पडतात, आणि बहुतेक आलेखांत मालिका दोनच असतात.

त्याआधीच्या एक्सेलचे रंग दिसायला कुरूप होते, पण या बाबतीत बरे. एक्सेल 2003 मध्ये पहिला फिकट जांभळट निळा 165 वर आणि दुसरा वांगी रंग 87 वर येई. तिसरा आणि चौथा इतके फिकट की झेरॉक्समध्ये कागदातच मिसळून जायचे, पण प्रत्येक स्तंभाला काळी किनार असल्यामुळे आकार टिकायचा. 2007 मध्ये ती किनार गेली. आलेखाच्या स्तंभात तिरप्या रेघा किंवा ठिपके भरण्याची सोयही मेनूतून गेली, ती 2010 मध्ये परत आली. ज्या वर्षी रंग राखाडीत एकरूप होणारे निवडले, त्याच वर्षी त्यावरचा उताराही काढून घेतला, हे मला आजही अजब वाटतं.

तिरप्या रेघांचा हा उतारा संगणकाहून फार जुना आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या घराण्यांची मानचिन्हं पुस्तकांत छापायची, तर छपाई एकाच काळ्या शाईची. लाल ढाल आणि निळी ढाल कागदावर वेगळी कशी दाखवायची? सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याने 1638 च्या आपल्या ग्रंथात जी पद्धत वापरली, ती पुढे रूढ झाली. लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, हिरवा म्हणजे एका दिशेने तिरप्या आणि जांभळा म्हणजे उलट्या दिशेने तिरप्या. काळ्यासाठी उभ्या-आडव्या रेघांची जाळी, सोन्यासाठी ठिपके, चांदीसाठी कोरी जागा. अशा पद्धती त्याच्या आधीही सुचवल्या गेल्या होत्या, पण टिकली ती ही. तिची खुबी अशी की ती रंगाच्या गडदपणावर अवलंबूनच नाही. रेघेची दिशा शाई कमी पडली तरी बदलत नाही.

आलेखांनी हा धडा लगेच उचलला नाही. विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे जे आलेख छापले, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आणि वर हाताने रंगवलेले होते. रंग हवा तर तो प्रत्येक प्रतीत पुन्हा भरायचा.

प्रत काढणं सोपं झालं तेव्हा प्रश्नाने नवं रूप घेतलं. चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रत काढली, ती गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर. 1959 मध्ये झेरॉक्स 914 हे यंत्र आलं, तोवर गंधकाची जागा सेलेनियमने घेतली होती. ड्रमवरच्या सेलेनियमच्या थराला अंधारात विद्युतभार देतात. मूळ कागदावरून परावर्तित झालेला उजेड जिथे पडतो तिथला भार निघून जातो, आणि जिथे भार उरतो तिथे काळी भुकटी चिकटते.

गोम अशी की सेलेनियमला निळा उजेड चांगला जाणवतो आणि लाल जवळजवळ जाणवत नाही. निळ्या शाईची फिकट रेघ निळा उजेड परत पाठवते, म्हणून ड्रमच्या लेखी ती कोऱ्या कागदासारखीच. प्रतीत ती पुसट येते किंवा येतच नाही. लाल रेघ फक्त लाल उजेड परत पाठवते, तो ड्रमला दिसत नाही, म्हणून लाल थेट काळा. आता वरचं सूत्र आठवा. त्यात शुद्ध निळा 29, म्हणजे जवळजवळ काळा, आणि शुद्ध लाल 76. सेलेनियमच्या ड्रमवर हा क्रम उलटा. राखाडी ही एक ठरलेली गोष्ट नाही. ती कोणत्या यंत्राने पाहिली त्यावर ठरते. पुढे बऱ्याच फॅक्स यंत्रांत पिवळसर हिरवा दिवा आला. त्या उजेडात हिरवा पांढऱ्याकडे झुकतो आणि लाल पुन्हा काळाच.

914 ला आणखी एक खोड होती. अक्षरं आणि रेघा ते उत्तम उठवी, पण मोठा भरीव काळा भाग मधोमध फिका पडून फक्त कडांना गडद राही. भुकटीला ओढणारं बळ भाराच्या कडेपाशी जास्त असतं, म्हणून. त्यामुळे भरीव स्तंभ पोकळ दिसायचे, आणि रेघा भरलेले स्तंभ शाबूत राहायचे, कारण रेघेला सगळ्या कडाच.

मग ते सूत्र आलं कुठून? टीव्हीतून. अमेरिकेत 1953 मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं मानक मंजूर झालं तेव्हा अट अशी होती की घरोघरच्या काळ्या-पांढऱ्या संचांवरही तेच प्रक्षेपण नीट दिसावं. म्हणून रंगांपासून उजळपणाचा वेगळा संकेत काढला गेला. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी, त्या प्रमाणात 0.587 आणि 0.114 हे गुणक ठरले. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा ज्यांच्याकडे जुनाच संच होता त्यांनी एशियाडचे सामने याच गुणकांच्या राखाडीत पाहिले. आज फोटोच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये चित्र काळं-पांढरं केलं, तर बहुधा हेच किंवा याच्या जवळचे आकडे वापरले जातात. म्हणजे पडद्यावरची चाचणी माणसाच्या डोळ्याची नक्कल करते, झेरॉक्स यंत्राची नाही.

नकाशे आणि आलेखांच्या बाजूने या प्रश्नाला पहिलं रोकठोक उत्तर माझ्या मते कलरब्रूअरने दिलं. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर आणि मार्क हॅरोवर यांनी या शतकाच्या सुरुवातीला हे साधन काढलं. त्यात प्रत्येक रंगमाळेपुढे ती झेरॉक्समध्ये टिकेल का याचीही खूण असते. फिकटापासून गडदाकडे जाणाऱ्या माळा थोड्या टप्प्यांपर्यंत टिकतात, नुसते वेगवेगळे रंग क्वचितच.

विज्ञानाच्या आलेखांत मात्र इंद्रधनुष्यी माळेचं राज्य बराच काळ चाललं. `jet` नावाची ती माळ गडद निळ्यापासून सुरू होते, मध्ये पिवळ्याशी उजळते आणि गडद लालवर संपते. राखाडीत तिची दोन्ही टोकं काळी आणि मधला भाग उजळ, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान सारखंच. मॅटलॅबने 2014 मध्ये ती मूळ निवडीतून काढली. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबने 2017 च्या 2.0 आवृत्तीत तिच्या जागी `viridis` आणली. तिचं जांभळं टोक सूत्रात 30 येतं आणि पिवळं टोक 215, आणि मधला प्रवास सतत उजळत जाणारा.

रोजच्या आलेखासाठी चाचणी करायची तर आधी आकडे काढावेत. रंगाचे तीन आकडे तीन रकान्यांत लिहून एक्सेलमध्येच हे सूत्र टाकता येतं:

```
=0.299*A2+0.587*B2+0.114*C2
```

दोन मालिकांत किमान 50 चा फरक असावा असा माझा अंदाजपंचे नियम आहे. कारण झेरॉक्सवाला यंत्र बहुधा मजकुराच्या सेटिंगवर ठेवतो. त्यात फिकट छटा पांढऱ्याकडे आणि गडद छटा काळ्याकडे ढकलल्या जातात, मधल्या छटांना फार जागा उरत नाही. चारपेक्षा जास्त मालिका राखाडीवर सोपवू नयेत. नंतर काळ्या-पांढऱ्या प्रिंटची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून पाहावी, कारण कार्यालयात फिरणारी प्रत सहसा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची असते.

ती प्रत पाहताना शेजारचे दोन स्तंभ वेगळे दिसतात एवढ्यावर समाधान मानू नये. लागून उभ्या असलेल्या दोन छटांतला बारीक फरकही डोळा पकडतो. अवघड काम वेगळंच असतं: कोपऱ्यातल्या सूचीचा इवलासा चौकोन पाहायचा आणि चार इंच दूरच्या स्तंभाशी तो जुळवायचा. चाचणी त्याचीच घ्यावी. ती फसली तर सूची काढून टाकून नाव थेट स्तंभावर किंवा रेषेच्या टोकाला लिहिणं, नाहीतर पेट्रा सांक्ताच्या रेघांकडे परतणं, हे दोनच उपाय मला खात्रीचे वाटतात.

काही आलेखांना मात्र राखाडीत वाचवताच येत नाही. भारतीय हवामान विभागाचा पाऊसमानातल्या तफावतीचा नकाशा घ्या. सरासरीपेक्षा जास्त पाऊस तिथे निळ्या छटांत, सरासरीइतका हिरव्यात, कमी लालमध्ये आणि फारच कमी पिवळ्यात दाखवतात. झेरॉक्समध्ये लाल गडद होतो आणि पिवळा जवळजवळ पांढरा पडतो. म्हणजे साधी तूट असलेला विदर्भ काळपट दिसेल आणि भीषण तूट असलेला मराठवाडा कोरा. मध्यापासून दोन्हीकडे जाणाऱ्या कुठल्याही माळेची हीच गत, कारण गडदपणाला एकच दिशा असते आणि इथे दोन हव्या असतात. त्या नकाशाला वाचवतात ते आकडे: हवामान उपविभागांच्या नकाशात प्रत्येक उपविभागावर तफावतीची टक्केवारी कंसात छापलेली असते, अधिक-उणे चिन्हासकट.