अमोनियाचा वास आणि अमोनियाचा रेणू : उद्भववादाच्या वादाची पार्श्वभूमी

सी. डी. ब्रॉड या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९२३ मध्ये केंब्रिज येथे दिलेली व्याख्याने १९२५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने एका देवदूताची कल्पना मांडली आहे. या देवदूताची गणिती शक्ती अमर्याद आहे आणि आपल्याला गवताच्या गंज्या दिसाव्यात तितक्या सहजतेने त्याला अणूंची रचना दिसते. रसायनशास्त्र निव्वळ यांत्रिक आहे असे क्षणभर मानले, तर नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू एकत्र आले की अमोनियाचा रेणू कसा घडेल, हे तो अचूक सांगू शकेल. मात्र हा वायू माणसाच्या नाकात गेल्यावर त्याचा वास नेमका कसा येतो, हे त्याला कधीही आधी सांगता येणार नाही, असे ब्रॉडचे म्हणणे होते. नाकातील आवरणात आणि मज्जातंतूंत होणारे सर्व बदल तो वर्तवू शकेल, परंतु त्या बदलांच्या जोडीने एक विशिष्ट वास अनुभवाला येतो हे त्याला कोणी सांगितले तरच किंवा त्याने स्वतः हुंगून पाहिले तरच कळेल.

सजीवाचे किंवा मनाचे गुणधर्म त्यांच्या घटकांवरून पूर्णपणे स्पष्ट करता येतात का, हा वाद जुना आहे. चैतन्य हे पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चार भूतांच्या संयोगातून, किण्वामुळे मद्यात मादकता यावी तसे उत्पन्न होते, हे लोकायतिकांचे, म्हणजे चार्वाकमतवाद्यांचे, मत ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदलेले आहे. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात असा आक्षेप घेतला आहे की, चैतन्य हा देहाचा धर्म असता तर रूपादी अन्य देहधर्मांप्रमाणे तो मृत देहातही आढळला असता. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आजच्या वादाच्या आश्चर्यकारकरीत्या जवळचे आहेत. परंतु आजचा वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द प्रामुख्याने ब्रिटनमध्ये घडले. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये असा भेद केला की, यंत्रशास्त्रात अनेक कारणांचा एकत्रित परिणाम त्यांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेइतका असतो, परंतु रसायनशास्त्रात तसे होत नाही. जी. एच. ल्युइसने १८७५ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या परिणामांना ‘इमर्जंट’, म्हणजे उद्भूत, हे नाव दिले. पुढे सॅम्युएल अलेक्झांडर आणि लॉइड मॉर्गन यांनी ही कल्पना संपूर्ण विश्वाच्या उत्क्रांतीला लावली. त्यांच्या लेखनात भव्यता असली तरी काटेकोरपणा कमी आहे. तो ब्रॉडने आणला.

ब्रॉडसमोर जीवशास्त्रातील एक खराखुरा पेच होता. हान्स ड्रीश या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये समुद्री साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिनच्या, दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाच्या दोन्ही पेशी हलवून एकमेकींपासून वेगळ्या केल्या. भ्रूण हे यंत्र असेल तर अर्ध्या यंत्रातून अर्धाच प्राणी तयार व्हावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक पेशीतून आकाराने लहान, पण संपूर्ण अळी तयार झाली. कापले तरी संपूर्णच राहणारे यंत्र ड्रीशला कल्पनेतही बसेना, आणि त्याने सजीवांत ‘एंटेलेकी’ नावाचे एक वेगळे, अभौतिक तत्त्व कार्यरत असते असा निष्कर्ष काढला. ब्रॉडला असे वेगळे तत्त्व मान्य नव्हते, आणि सजीव म्हणजे निव्वळ यंत्र हेही मान्य नव्हते. त्याने तिसरी वाट काढली, ती उद्भववादाची. सजीवात अणूंखेरीज दुसरे काहीही नाही, परंतु अणूंच्या विशिष्ट मांडणीमुळे संपूर्णाला असा गुणधर्म येतो, की जो त्या घटकांच्या सुट्या अवस्थेतील किंवा अन्य प्रकारच्या मांडणीतील वर्तनाच्या परिपूर्ण ज्ञानावरूनही, अगदी तत्त्वतःसुद्धा, अनुमानाने काढता येत नाही. ‘तत्त्वतःसुद्धा’ या शब्दावर सारी भिस्त आहे. हिशेब फार किचकट आहे म्हणून करता येत नाही, एवढेच ब्रॉडला म्हणायचे नव्हते. कितीही हिशेब केला तरी उत्तर त्यात येणारच नाही, असा त्याचा दावा होता.

हा दावा त्याने केवळ सजीवांपुरता ठेवला नाही. चांदी आणि क्लोरीन यांच्या स्वतंत्र गुणधर्मांवरून सिल्व्हर क्लोराइडचे गुणधर्म काढता येतील असे मानायला काहीही आधार नाही, असे त्याने लिहिले. १९२५ मध्ये हे विधान अवाजवी नव्हते. अणू एकमेकांना का आणि कसे जोडले जातात, याचा समाधानकारक सिद्धांत तोवर भौतिकीकडे नव्हता. तो दोनच वर्षांत आला. वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये नव्या पुंजयामिकीच्या, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सच्या, आधारे हायड्रोजनच्या दोन अणूंचा हिशेब मांडला. दोन्ही अणूंतील इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे त्यांची अदलाबदल झालेली स्थितीही हिशेबात धरावी लागते. आणि ती धरली की दोन्ही अणू जवळ आल्यावर एकूण ऊर्जा कमी होते, म्हणजेच बंध तयार होतो. त्यांच्या हिशेबातून आलेली बंधऊर्जा प्रत्यक्ष मूल्याच्या सुमारे दोनतृतीयांश होती. पण आकडा कमी पडला याला तत्त्वतः महत्त्व नव्हते. रासायनिक बंध हा उद्भूत, अनुमानापलीकडचा गुणधर्म नाही, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि पुढील हिशेबांनी आकडाही जुळत गेला. १९२९ मध्ये पॉल डिरॅकने लिहिले की, संपूर्ण रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता पूर्णपणे ज्ञात आहेत आणि अडचण उरली आहे ती फक्त समीकरणे सोडवता येत नाहीत एवढीच.

यानंतर ब्रिटिश उद्भववाद झपाट्याने मागे पडला. त्याचे कोणी तर्काने खंडन केले असे म्हणता येत नाही; त्याचे सर्वांत भक्कम वाटणारे उदाहरणच निसटले होते. सजीवांच्या बाबतीत तेच अधिक संथपणे घडले. १९५३ मध्ये डीएनएची रचना समजली, आणि प्रत्येक पेशीत संपूर्ण आराखड्याची प्रत असते, तसेच शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांनुसार त्या आराखड्याचे वेगवेगळे भाग वापरले जातात, हे पुढे उलगडत गेले. शेजारीण दूर केली की तिचा संकेत थांबतो आणि उरलेली पेशी संपूर्ण प्राण्याच्या मार्गाने जाते. ड्रीशचे निरीक्षण बरोबर होते. चूक होती ती सर्व यंत्रे आपल्या ओळखीच्या यंत्रांसारखीच असणार, या गृहीतकात.

वाद इथेच संपला असता, परंतु १९७२ मध्ये फिलिप अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला वेगळे वळण दिले, आणि योगायोग असा की त्याचेही पहिले उदाहरण अमोनियाचेच होते. अमोनियाचा रेणू बुटक्या पिरॅमिडसारखा असतो, ज्यात हायड्रोजनचे तीन अणू त्रिकोणी पाया करतात आणि नायट्रोजन त्याच्या एका बाजूला असतो. तसे असेल तर रेणूची एक बाजू किंचित ऋणभारित आणि दुसरी धनभारित असायला हवी. परंतु नायट्रोजन या त्रिकोणातून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला येतो आणि परत येतो, आणि हे सेकंदाला हजारो कोटी वेळा घडते. रेणूच्या खऱ्या स्थिर अवस्थेत दोन्ही बाजू समप्रमाणात मिसळलेल्या असतात, म्हणून त्या अवस्थेला विद्युत दिशा नसते. निसर्गाच्या मूळ नियमांत ही बाजू आणि ती बाजू असा भेद नाही, आणि अमोनिया त्या नियमांशी प्रामाणिक राहतो.

आता रेणू मोठा करत जाऊ. नायट्रोजनच्या जागी फॉस्फरस घातला तर रेणू सुमारे दुप्पट जड होतो आणि उलटण्याचा वेग प्रचंड घटतो. हायड्रोजनच्या जागी फ्लोरीनही घातला तर उलटणे मोजण्याइतके होतच नाही. साखरेच्या चाळीसएक अणूंच्या रेणूपर्यंत आल्यावर तर तो स्वतःच्या आरशातील प्रतिमेत बदलेल याची वाट पाहण्यातच अर्थ नाही, आणि सजीवांनी बनवलेली साखर नेहमी एकाच बाजूची असते. नियमांत जी सममिती आहे ती वस्तूत राहिलेली नाही. साखर डावी का उजवी, या प्रश्नाचे उत्तर मूळ समीकरणांत नाही. ते तिच्या इतिहासात, ती ज्या सजीवाने बनवली त्याच्या रसायनात आहे. म्हणून अँडरसनचे म्हणणे असे की, सर्व काही मूळ नियमांपर्यंत नेता येणे वेगळे आणि त्या नियमांपासून सुरुवात करून विश्व पुन्हा उभे करता येणे वेगळे. प्रत्येक पातळीवर नव्या संकल्पना लागतात, आणि त्या खालच्या पातळीचे गणित करताना आपोआप हाती येत नाहीत.

अँडरसनचा हा लेख न्यूनीकरणवादाच्या, म्हणजे सर्व काही मूळ नियमांपर्यंत नेता येते या मताच्या, विरोधात अनेकदा दाखल केला जातो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. साखरेच्या रेणूतील प्रत्येक अणू पुंजयामिकीप्रमाणेच वागतो याविषयी अँडरसनला शंका नव्हती, आणि न्यूनीकरण आपल्याला मान्य असल्याचे त्याने लेखाच्या आरंभीच सांगितले आहे. ब्रॉडच्या देवदूताला साखर डावी की उजवी हे सुरुवातीची परिस्थिती सांगितल्यास नक्की काढता येईल. अँडरसनने दाखवले ते एवढेच की, देवदूत नसलेल्या आपल्याला वरच्या पातळीचे शास्त्र वेगळे शिकावेच लागते. हा सौम्य अर्थाचा उद्भव झाला, आणि आज शास्त्रज्ञ जेव्हा उद्भव हा शब्द वापरतात तेव्हा बहुधा त्यांना हाच अर्थ अभिप्रेत असतो. ब्रॉडचा तीव्र अर्थ त्याने सिद्ध होत नाही.

तीव्र अर्थासाठी मग उरतो तो वास. देवदूताची माहिती ब्रॉडच्या काळापेक्षा आज कितीतरी अधिक तपशिलाने भरता येते. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहींच्या जनुकांचे एक मोठे कुटुंब शोधून काढले, आणि अमोनियासारखा झोंबणारा वायू गंधतंतूंबरोबरच चेहऱ्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूलाही चेतवतो, हेही आपल्याला माहीत आहे. त्यामुळे तो हुंगल्यावर माणूस डोके मागे का घेतो, डोळ्यांत पाणी का येते, तो ‘उग्र वास’ असे का म्हणतो, हे सर्व साखळीने सांगता येते. तत्त्वज्ञ जेग्वॉन किम यांनी यातील फरक नेमका पकडला. एखादा गुणधर्म ‘तो काय करतो’ यावरून पूर्णपणे सांगता येत असेल, तर ते काम करणारी यंत्रणा दाखवली की न्यूनीकरण पूर्ण होते. रासायनिक बंध, आनुवंशिकता आणि भ्रूणाची वाढ हे तसे गुणधर्म होते. वास हुंगणाऱ्याला जसा जाणवतो, ते जाणवणे मात्र ‘तो काय करतो’ या वर्णनात बसत नाही असे दिसते. ब्रॉडचाच मुद्दा १९८२ मध्ये फ्रँक जॅक्सनने रंगाच्या उदाहरणाने पुन्हा मांडला आणि पुढे स्वतःच तो सोडून दिला. डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मध्ये त्यालाच जाणिवेचा अवघड प्रश्न म्हटले.

या उरलेल्या जागेवर तीव्र उद्भववाद्याने आपला गड बांधला तरी किम यांचा दुसरा युक्तिवाद त्याला अडवतो. डोके मागे घेण्याचे संपूर्ण कारण मज्जातंतूंत आहे असे एकदा मान्य केले, तर जाणवलेल्या वासाला करायला काही काम उरत नाही. काम आहे म्हणावे, तर स्नायूंपर्यंतच्या साखळीत कुठेतरी भौतिक कारण अपुरे पडते असे दाखवावे लागेल, आणि तसे कुठे अपुरे पडल्याचे शरीरशास्त्राला आजवर आढळलेले नाही. ब्रॉडने ही किंमत ओळखली होती. वरच्या पातळीचे स्वतंत्र नियम असतील तर ते प्रयोगात दिसायला हवेत, हे त्याच्या मांडणीतूनच येते, आणि म्हणूनच त्याचा रसायनशास्त्राविषयीचा दावा चुकीचा ठरू शकला. वासाविषयीचा त्याचा दावा कोणत्या निरीक्षणाने चुकीचा ठरेल, हे अद्याप दोन्ही बाजूंपैकी कोणालाही सर्वमान्य रीतीने सांगता आलेले नाही.